मिश्रण तफावत व उतारा तफावत

प्रमाण परिव्यय पद्धतीत कच्च्या मालाच्या वापरातील तफावतीचे हे दोन भाग आहेत. जिन्नस ठरलेल्या प्रमाणात न पडल्याने खर्चात येणारा फरक म्हणजे मिश्रण तफावत. घातलेल्या एकूण मालातून अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त पक्का माल निघाल्याने येणारा फरक म्हणजे उतारा तफावत. दोन्ही प्रमाण दरानेच मोजतात. बाजारभावाचा चढउतार किंमत तफावतीत वेगळा दिसतो.

गोडा मसाला करणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. सोयीसाठी जिन्नस तीनच धरू. प्रमाण पाककृतीत १,००० किलो मालात धणे ६०० किलो (दर १२० रुपये), सुके खोबरे ३०० किलो (२०० रुपये) आणि दगडफूल, दालचिनी, लवंग असा खडा मसाला १०० किलो (८४० रुपये) आहे. खर्च २,१६,००० रुपये. भाजणे, दळणे, चाळणे यांत दहा टक्के घट धरून उतारा ९०० किलो, म्हणजे तयार मसाल्याचा प्रमाण खर्च किलोला २४० रुपये.

प्रत्यक्षात धणे ६४०, खोबरे २८० आणि खडा मसाला ८० किलो पडला. प्रमाण दराने हा माल २,००,००० रुपयांचा होतो, म्हणून मिश्रण तफावत १६,००० रुपये अनुकूल. मसाला मात्र ८८० किलोच निघाला. तुटलेल्या २० किलोंना २४० रुपयांनी गुणले की उतारा तफावत ४,८०० रुपये प्रतिकूल येते. एकत्रित वापर तफावत ११,२०० रुपये अनुकूल.

हा शेवटचा आकडा एकटा वाचणे धोक्याचे आहे. ही बचत खडा मसाला कमी घातल्यामुळे झाली. वास उणावला, आणि वासाची नोंद परिव्यय पत्रकात कुठेच होत नाही. म्हणून मिश्रण तफावतीशेजारी चव-वासाच्या चाचणीचा निकाल ठेवावाच लागतो.

उताऱ्यातील तूट भट्टीवाल्याच्या माथी मारण्यापूर्वी धण्यांचा ओलावा तपासावा. प्रमाण ९ टक्के ओलावा धरून ठरवले असेल आणि पावसाळ्यात आलेले धणे १२ टक्के ओले असतील, तर ६४० किलोंत सुमारे १९ किलो जास्तीचे पाणीच विकत घेतलेले असते. भाजताना ते उडून जाते आणि २० किलोंची तूट जवळजवळ पूर्ण उलगडते. अशा वेळी जबाबदारी खरेदी विभागाची ठरते. उलट धणे कोरडे असूनही उतारा घटला, तर जास्त भाजणे, दळणयंत्रातून उडणारी पूड किंवा चाळणीवर उरणारा भरडा शोधावा. भाजण्यापूर्वी, भाजल्यावर आणि चाळल्यावर अशी तीनदा वजने घेतली, तर माल नेमका कुठे घटला ते कळते.

मिश्रण तफावतीला अर्थ येतो तो जिन्नस एकमेकांऐवजी थोडेफार वापरता येतात तेव्हाच. मीठ किंवा परिरक्षक यांसारख्या घटकांची अदलाबदल होत नाही; त्यांची वापर तफावत स्वतंत्र काढणे योग्य.