तळटीप : उत्प्रेरकी भंजनातली उष्णता

* मूळ लेखकाने ऊर्ध्वपातन आणि उत्प्रेरकी भंजन एकाच परिच्छेदात आटोपले आहेत. पदवीधर वाचकाला अडेल ते दोहोंमधल्या सांध्यावर, म्हणून ही टीप.

मुंबईत माहुलला १९५४-५५ पासून तेलशुद्धीकरण चालू आहे. तिथे कच्चे तेल भट्टीत साधारण ३६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मनोऱ्यात सोडतात. त्याहून फार तापवले तर तेल नळ्यांतच फुटून कोक धरते. म्हणून तळाचा जड गाळ निर्वात मनोऱ्यात जातो. कमी दाबाखाली तो न फुटता उकळतो आणि त्यातून निघालेले जड गॅस ऑइल भंजनाला मिळते.

इथे फुटणेच हवे असते. उभ्या नळीत तेलाची गाठ सुमारे ७०० अंश तापलेल्या झिओलाइट भुकटीशी पडते. दोन-तीन सेकंदांत पेट्रोल आणि एलपीजी तयार होतात. भुकटीवर मात्र कोक चढतो. तो पुनरुज्जीवकात हवेने जाळतात, आणि त्याच उष्णतेवर पुढचे तेल फुटते.

गोम यातच आहे. तेल जड आले की कोक वाढतो, भुकटी अधिक तापते. नळीचे तापमान ठरलेले असल्याने नियंत्रक झडप भुकटी कमी सोडते. परिणामी उष्णता वाढूनही रूपांतर घटते. चालकाला त्याची चाहूल पुनरुज्जीवकाच्या थराच्या चढत्या तापमानावरून लागते.