ताकीदपत्र, वारंवार उशिरा येण्याबद्दलचे (संयुक्त अरब अमिराती)

कामगार ठरलेल्या वेळेनंतर पुन्हापुन्हा कामावर येतो, हे तारीखवार नोंदवून, त्याबद्दल आधी झालेल्या बोलण्याचा दाखला देऊन आणि यापुढे नेमके काय अपेक्षित आहे ते सांगून मालकाने कामगाराला दिलेले लेखी पत्र. बोलण्यात ‘वॉर्निंग लेटर’ हाच शब्द चालतो. अमिरातींतल्या खासगी क्षेत्रात या पत्राची जागा थोडी वेगळी आहे, आणि भारतातून तिकडे गेलेल्या सुपरवायझरची गल्लत बहुधा तिथेच होते. इथे ताकीद ही शिक्षेची पूर्वसूचना नसते. ती स्वतःच एक शिक्षा असते.

२०२१ च्या संघराज्य कामगार कायद्याने (डिक्री-कायदा क्रमांक ३३, अंमल २ फेब्रुवारी २०२२ पासून) १९८० चा जुना कायदा रद्द केला. नव्या कायद्याच्या ३९ व्या कलमात शिस्तभंगाच्या शिक्षा चढत्या क्रमाने दिल्या आहेत. आधी लेखी समज, मग लेखी ताकीद, त्यानंतर महिन्याला जास्तीत जास्त ५ दिवसांच्या पगाराची कपात, १४ दिवसांपर्यंत बिनपगारी निलंबन, बोनस किंवा बढती रोखणे आणि सर्वांत शेवटी, उपदानाचा हक्क राखून, सेवासमाप्ती. ताकीद या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि यादीत आहे म्हणूनच २०२२ च्या कार्यकारी नियमांतली सारी पथ्ये तिलाही लागू होतात. कामगारावरचा आरोप त्याला लेखी कळवायचा, त्याचे म्हणणे ऐकायचे, त्याच्या बचावाची शहानिशा करायची, हे सर्व टिपून त्याच्या फाइलला लावायचे आणि मगच शिक्षा लिहायची. शिक्षेच्या पत्रात तिचा प्रकार, तिचे कारण आणि पुन्हा तसेच घडले तर होणारी शिक्षा, या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत.

म्हणजे उशीर झाला त्याच दुपारी टाइप करून हातात ठेवलेले ताकीदपत्र, मजकूर कितीही नेटका असला तरी, मुळातच लंगडे. कामगाराचे ऐकण्याआधीच शिक्षा ठोठावली गेलेली असते. व्यवहारात दोन कागद लागतात. पहिला आरोपाची नोटीस, दुसरा प्रत्यक्ष ताकीदपत्र. या दोहोंमध्ये सुनावणीचा दिवस असतो. मुंबई-पुण्याकडे ‘कारणे दाखवा’ नोटीस ज्या कामासाठी देतात, तेच काम इथे पहिला कागद करतो.

वेळेच्या दोन मर्यादाही आहेत. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवस उलटले की तिचा आरोप ठेवता येत नाही, आणि चौकशी संपून चूक शाबीत झाल्यावर ६० दिवसांनंतर शिक्षा देता येत नाही. हजेरीचे यंत्र उशीर त्याच सकाळी दाखवते, तेव्हा ‘आमच्या ध्यानात आत्ता आले’ हा बचाव मालकाला फारसा तारत नाही. जानेवारीपासूनचे सगळे लेट मार्क जूनच्या पत्रात ओतायची सवय म्हणूनच निरुपयोगी. जुन्या तारखा पार्श्वभूमी म्हणून लिहाव्यात, आरोप मात्र ताज्या तारखांवरच ठेवावा.

एक काल्पनिक पण नेहमीच्या घडणीचे प्रकरण घेऊ. दुबईच्या अल कूझ भागातले गोदाम, कामाची वेळ सकाळी ८. कामगार शारजात राहतो, आणि कंपनीची बस ६:४५ ला त्याच्या वस्तीवरून निघते. ऑक्टोबर २०२५ मध्ये यंत्रावर त्याच्या पाच उशिरा नोंदी दिसतात: ६ तारखेला ८:१७, ९ ला ८:२४, १४ ला ८:११, १७ ला ८:४० आणि २२ ला ८:३१. घाईतला एचआर पाचही तारखा पत्रात घालील. जाणता माणूस आधी त्या त्या दिवशीच्या इतरांच्या नोंदी काढतो. १७ तारखेला त्याच बसच्या सगळ्यांचे पंचिंग ८:३८ ते ८:४२ मध्ये आहे, म्हणजे बसच बंद पडली होती. कार्यकारी नियमांप्रमाणे घर ते काम हा प्रवास एरवी कामाच्या वेळेत धरत नाहीत, पण मालकाने पुरवलेल्या वाहनाला अपघात झाला किंवा ते अचानक बिघडले तर धरतात. हवामान बिघडून राष्ट्रीय हवामान केंद्राने इशारा दिला असेल तरीही धरतात, आणि करारात तसे स्पष्ट लिहिले असेल तरीही. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐन भागात एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुबईचे रस्ते पाण्याखाली गेले. तसल्या दिवसाचा उशीर कुणाच्या पत्रात आला, तर त्या एका ओळीने बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. शारजा-दुबई रस्त्यावरची रोजची कोंडी मात्र या सवलतीत बसत नाही.

१७ तारीख वगळली की चार दिवसांचा उशीर उरतो: १७, २४, ११ आणि ३१ मिनिटे, मिळून ८३ मिनिटे. एवढेच लिहावे. ‘वारंवार’, ‘सतत’, ‘बेजबाबदारपणे’ ही विशेषणे तारखांपुढे फिकी पडतात, आणि वाद मानव संसाधन व एमिरातीकरण मंत्रालयात गेला की त्यांचा उपयोग समोरच्यालाच होतो.

यानंतर आधीच्या बोलण्याची नोंद. बहुतेक पत्रे इथेच कच्ची निघतात, कारण ‘अनेकदा तोंडी समज देऊनही’ या वाक्याला ना तारीख असते ना माणूस. समजा, या प्रकरणात सुपरवायझरने १० ऑक्टोबरला पाळी सुटल्यावर त्याला बाजूला घेतले. तो म्हणाला, “साहेब, खोलीत आठ जण आणि न्हाणीघर एक; बस चुकते.” त्याने ६ ऐवजी साडेपाचला उठायचे ठरले, आणि सुपरवायझरने त्याच संध्याकाळी या बोलण्याचा दोन ओळींचा संदेश त्याला पाठवला. तो संदेश म्हणजे नोंद. १६ तारखेला पुन्हा बोलणे झाले, तेव्हा खोली बदलून देण्याची विनंती कॅम्पच्या व्यवस्थापकाकडे गेली. पत्रात कामगाराची अडचण आणि मालकाने केलेली खटपट, दोन्ही यायला हवी. मालकाने काहीच केले नसेल, तर तेही त्या कोऱ्या जागेतून कळते. या बोलण्यांना ‘पहिली ताकीद’, ‘दुसरी ताकीद’ म्हणू नये. तसे म्हटले की चौकशीविना दिलेल्या दोन शिक्षा आपल्याच हाताने कबूल केल्यासारखे होते.

आरोपाची नोटीस २३ ऑक्टोबरला, सुनावणी २७ ला, ताकीद २९ ला. पत्राचा गाभा असा असू शकतो:

“आपली कामावर हजर होण्याची वेळ सकाळी ८ आहे. ६, ९, १४ आणि २२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपण अनुक्रमे ८:१७, ८:२४, ८:११ आणि ८:३१ वाजता हजर झालात. १७ ऑक्टोबरचा उशीर कंपनीची बस बिघडल्याने झाला, तो यात धरलेला नाही. १० व १६ ऑक्टोबरला आपल्या सुपरवायझरने याविषयी आपल्याशी बोलणे केले. २७ ऑक्टोबरच्या सुनावणीत आपण बस चुकल्याचे मान्य केलेत आणि खोलीतील गैरसोय सांगितलीत. १ नोव्हेंबरपासून आपली खोली बदलण्यात येत आहे. वरील चार उशिरांबद्दल आपणास लेखी ताकीद देण्यात येत आहे. ३ नोव्हेंबरपासून ६० दिवस आपण ८ वाजता कामाच्या जागी हजर असावे. उशीर होणार असे दिसल्यास ७:३० पूर्वी सुपरवायझरला फोन करावा. ३ डिसेंबरला आपल्यासोबत आढावा घेतला जाईल. या काळात विनाकारण पुन्हा उशीर झाल्यास, चौकशीनंतर, एका दिवसाच्या पगाराची कपात होऊ शकते.”

अपेक्षित सुधारणा मोजता येईल अशी आहे, हेच या मजकुराचे मर्म. ‘वर्तनात सुधारणा करावी’ असे लिहिले तर ६० दिवसांनी ती झाली की नाही हे दोघेही आपापल्या सोयीने सांगतील. ‘कामाच्या जागी’ हेही मुद्दाम लिहिले आहे. फाटकावर ७:५८ ला पंचिंग करून पुढची २० मिनिटे चहाच्या टपरीवर घालवणारे प्रत्येक गोदामात असतात. शेवटच्या वाक्यातली शिक्षा ‘कडक कारवाई’ अशी मोघम ठेवली, तर पुनरावृत्तीची शिक्षा कळवण्याची नियमांची अट पुरी होत नाही. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिक्षांची लेखी नियमावली ठेवावी लागते, आणि ही कपात त्या नियमावलीशी जुळली पाहिजे.

एका चुकीला एकच शिक्षा, हाही नियम आहे. त्याच चार उशिरांबद्दल महिनाअखेरीस दंड कापून वर ताकीदही दिली, तर दोहोंपैकी एक टिकत नाही. पगारपत्रक दुसऱ्या खोलीत तयार होते, त्यामुळे हा घोटाळा एचआरच्या नकळत होतो. पत्र देण्याआधी त्या महिन्याची पगाराची पावती पाहून घ्यावी.

उशिराची मिनिटे जोडून ‘गैरहजेरीचे दिवस’ करण्याचा हिशेब काही कार्यालयांत चालतो. ४४ व्या कलमात नोटीस न देता काढून टाकण्याची कारणे आहेत. त्यांत सबळ कारणाविना वर्षात सुटे २० पेक्षा जास्त किंवा सलग ७ पेक्षा जास्त दिवसांची गैरहजेरी आहे, उशीर नाही. ८:३१ ला आलेला माणूस त्या दिवशी हजर असतो. उशिराचे प्रकरण त्या कलमाखाली न्यायचेच, तर करारातली मूळ कर्तव्ये पार न पाडल्याचे कारण उरते. त्यालाही लेखी चौकशी लागते आणि पुन्हा घडल्यास काढून टाकू असा इशारा दोनदा दिलेला लागतो. वरच्या पत्रात तो इशारा नाही, म्हणून ते पत्र त्या दोहोंत मोजता येणार नाही. पहिल्याच ताकिदीत नोकरी घालवण्याची धमकी घालणे ८३ मिनिटांच्या मानाने जास्तच होते, तेव्हा हा तोटा सोसावा हेच बरे.

पत्र अरबीत असावे आणि सोबत कामगाराला समजणाऱ्या भाषेतला मजकूर असावा. दोहोंत फरक निघाला तर अरबी ग्राह्य धरतात. सहीच्या जागी ‘पत्र मिळाले, मजकुराशी सहमती अभिप्रेत नाही’ अशी ओळ ठेवली की सहीसाठी होणारी ओढाताण बरीच कमी होते. तरीही सही नाकारली, तर दोन साक्षीदारांसमोर तसे लिहून प्रत ईमेलने पाठवतात. कामगाराला व्यवस्थापनाकडे आणि पुढे मंत्रालयाकडे तक्रार करता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांत मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकते.

दुबई आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र (डीआयएफसी) आणि अबू धाबी ग्लोबल मार्केट या दोन वित्तीय मुक्त क्षेत्रांत हा संघराज्य कायदा चालत नाही. त्यांचे स्वतःचे रोजगार कायदे आहेत. घरकामगारांसाठीही २०२२ चा वेगळा कायदा आहे. इतर मुक्त क्षेत्रांतल्या कंपन्यांना मात्र वर सांगितलेली रीतच लागू पडते.