वारसाहक्काने मिळालेल्या सामाईक मालमत्तेचा भाडेकरार

वारसाहक्काने मिळालेल्या सामाईक मालमत्तेचा भाडेकरार म्हणजे मूळ मालकाच्या मृत्यूनंतर एकापेक्षा अधिक वारसांच्या मालकीची झालेली आणि वाटणी न झालेली वास्तू भाड्याने देण्यासाठी केलेला करार होय. अशा मालमत्तेचा प्रत्येक वारस सहमालक असतो. एका सहमालकाला स्वतःच्या हिश्शापुरताच हक्क दुसऱ्याला देता येतो. संपूर्ण वास्तूचा निर्वेध ताबा भाडेकरूला मिळावा यासाठी सर्व सहमालकांची संमती आवश्यक असते. या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील निवासी घरे आणि हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेल्या कुटुंबांचा विचार केला आहे.

सहमालकी कशी निर्माण होते

मालक मृत्युपत्र न करता वारल्यास त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार प्रथम वर्ग १ मधील वारसांकडे जाते. विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे या वर्गातील प्रमुख वारस होत. कलम १० नुसार यांपैकी प्रत्येकाला एक समान हिस्सा मिळतो. विवाहित मुलीचा हिस्सा अविवाहित मुलीइतकाच असतो.

याच अधिनियमाच्या कलम १९ नुसार एकत्रितपणे वारसा घेणाऱ्या व्यक्ती आपापल्या निश्चित हिश्शाच्या स्वतंत्र मालक ठरतात. त्यामुळे एका वारसाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा उरलेल्या सहमालकांमध्ये आपोआप वाटला जात नाही, तर त्या मृत वारसाच्या स्वतःच्या वारसांकडे जातो. हिस्सा निश्चित असला तरी तो वास्तूतील एखाद्या विशिष्ट खोलीत नसतो. वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहमालकाचा हक्क वास्तूच्या प्रत्येक भागात असतो. अशा हिश्शाला अविभक्त हिस्सा म्हणतात.

अशा मालमत्तेत थोरल्या मुलाला केवळ वडीलकीच्या नात्याने इतरांच्या वतीने करार करता येत नाही. एकत्र हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत कर्त्याला व्यवस्थापनाचे काही अधिकार असतात. कलम ८ नुसार आलेल्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मात्र कर्ता नसतो, केवळ सहमालक असतात.

एकट्याच्या सहीची मर्यादा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार सहमालकाला आपल्या हिश्शाचे हस्तांतरण करता येते. परंतु हस्तांतरण घेणाऱ्याला त्या सहमालकाचेच अधिकार मिळतात, त्यांहून अधिक नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा कुटुंबाबाहेरील व्यक्तीने घेतला असल्यास तिला उरलेल्या सदस्यांसोबत सामाईक ताबाही मागता येत नाही.

महाराष्ट्रात बहुतेक निवासी घरे भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात. या करारात राहणाऱ्या व्यक्तीला मालमत्तेत हितसंबंध मिळत नाही, केवळ वापराची परवानगी मिळते. ही परवानगी असली तरी संमतीचा प्रश्न कायम राहतो. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ नुसार एखादी व्यक्ती मालमत्तेतील आपला हितसंबंध ज्या मर्यादेपर्यंत हस्तांतरित करू शकते, त्याच मर्यादेपर्यंत तिला परवानगी देता येते. म्हणजे एक पंचमांश हिश्शाच्या मालकाला इतर चार पंचमांशांच्या मालकांचा वापराचा हक्क दूर सारता येत नाही.

एकट्याने केलेला करार यामुळे सर्वस्वी रद्दबातल ठरतो असे नाही. सही करणारा सहमालक त्याने बांधला जातो, मात्र सही न करणाऱ्यांवर तो बंधनकारक नसतो. त्यांना न्यायालयाकडे मनाईहुकूम मागता येतो, जमा झालेल्या भाड्याचा हिशेब व आपला वाटा मागता येतो, किंवा वाटणीचा दावा दाखल करता येतो. मात्र राहणाऱ्या व्यक्तीला स्वतः कुलूप लावून बाहेर काढता येत नाही. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा गमावलेल्या व्यक्तीला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दावा करता येतो.

उदाहरण

समजा, पुण्यातील एका सदनिकेचा मालक मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मागे आई, पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. या पाच वारसांना प्रत्येकी एक पंचमांश हिस्सा मिळतो. व्यवहारात आईचा हिस्सा विसरला जाण्याची शक्यता मोठी असते, कारण मृताची पत्नी आणि मुले हेच त्याचे कुटुंब मानले जाते.

काही काळाने ही आईही मृत्युपत्र न करता वारली. तिचे पती आधीच वारलेले असून तिला एक मुलगी, म्हणजे मृत मालकाची बहीण, आहे. आईचा एक पंचमांश हिस्सा कलम १५ आणि १६ नुसार दोन शाखांत विभागला जातो. अर्धा भाग त्या बहिणीला आणि अर्धा भाग आधी वारलेल्या मुलाच्या तीन अपत्यांना मिळून जातो. सुनेला या हिश्शातून काही मिळत नाही. संपूर्ण सदनिकेचे तीस भाग कल्पिल्यास पत्नीचे ६, तिन्ही अपत्यांचे प्रत्येकी ७ आणि आत्याचे ३ भाग होतात. सदनिकेत कधीही न राहिलेली आत्या अशा रीतीने तिची सहमालक बनते.

यानंतर मुलाने एकट्याच्या सहीने ही सदनिका दरमहा ३०,००० रुपये भाड्याने ३३ महिन्यांसाठी दिली आणि १,००,००० रुपये अनामत घेतली, असे मानू. त्या भाड्यात त्याचा स्वतःचा वाटा केवळ ७,००० रुपयांचा आहे. उरलेल्यांपैकी ६,००० रुपये आईचे, प्रत्येकी ७,००० रुपये दोन्ही बहिणींचे आणि ३,००० रुपये आत्याचे आहेत. एका बहिणीला ती सदनिका स्वतःच्या वापरासाठी हवी असल्यास भावाने केलेला करार तिच्या हक्काच्या आड येत नाही.

यात सर्वाधिक अडचण भाडेकरूची होते. त्याने पूर्ण भाडे आणि अनामत एकाला दिलेली असते, परंतु निर्वेध ताब्याची हमी त्याला सर्वांकडून मिळालेली नसते. बहिणीने दावा केल्यास त्याला मुदतीपूर्वीच घर सोडावे लागू शकते. अनामत परत मागण्यासाठी त्याच्याकडे करारावर सही करणारा एकटा भाऊच उरतो. भावालाही इतर सहमालकांना त्यांच्या वाट्याचा हिशेब द्यावा लागतो.

हीच सदनिका पाचही सहमालकांनी मिळून दिली असती तर कराराच्या पहिल्या परिच्छेदात पाचही नावे आली असती. भाडे कोणत्या खात्यात जमा होईल आणि अनामत परत करण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यातच लिहिता आले असते. मिळालेल्या भाड्यावरील प्राप्तिकरही प्रत्येकाच्या निश्चित हिश्शानुसार स्वतंत्रपणे आकारला जातो.

संमती देण्याच्या पद्धती

सर्व सहमालकांनी परवाना देणारे म्हणून करारावर सही करणे ही सर्वांत निःसंदिग्ध पद्धत होय. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. करार नोंदवलेला नसल्यास आणि वाद उद्भवल्यास, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

सर्वांना उपस्थित राहणे शक्य नसल्यास एका सहमालकाला कुलमुखत्यारपत्र दिले जाते. त्यात सदनिकेचा तपशील, ती भाड्याने देण्याचा, करार नोंदवण्याचा आणि भाडे व अनामत स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. परदेशात राहणारा वारस ते तेथील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करू शकतो. असे पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाल्यास सामान्यतः त्याखालील अधिकार संपतो. त्यानंतर नव्या करारासाठी त्याच्या वारसांची संमती घ्यावी लागते.

सहमालक अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असल्यास त्याच्या वतीने नैसर्गिक पालक सही करतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार पाच वर्षांहून अधिक मुदतीचा, किंवा अज्ञान व्यक्ती सज्ञान झाल्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ चालणारा भाडेपट्टा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. तसा दिल्यास अज्ञान व्यक्तीला तो रद्द करून घेता येतो.

संमती मौनही असू शकते. करार माहीत असूनही एखादा सहमालक अनेक वर्षे भाड्याचा वाटा स्वीकारत राहिल्यास त्याची संमती होती असा निष्कर्ष न्यायालय काढू शकते. परंतु ही बाब पुराव्याने सिद्ध करावी लागते, त्यामुळे ती लेखी संमतीची जागा घेऊ शकत नाही.

मालकीची पडताळणी

गृहनिर्माण संस्थेच्या भागप्रमाणपत्रावर किंवा मालमत्ता कराच्या देयकावर एकच नाव असल्याने ती व्यक्ती एकमेव मालक ठरत नाही. सदस्याच्या मृत्यूनंतर संस्था नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे सदस्यत्वाची नोंद करते, पण नामनिर्देशनामुळे वारसांची मालकी संपत नाही. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिकेवरील फेरफार नोंदही मुख्यतः महसुली कामासाठी असते आणि केवळ तिच्या आधारे मालकी निर्माण होत नाही.

त्यामुळे मूळ मालक कोण होता, तो हयात आहे का, त्याचे मृत्युपत्र होते का आणि नसल्यास सर्व वारस कोण, या क्रमाने पडताळणी केली जाते. एखाद्या वारसाने आपला हिस्सा सोडला असल्याचे सांगितले गेल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिले जाते. तोंडी सोडलेला हिस्सा त्या वारसाचाच राहतो. नोंदणीकृत वाटणीपत्राने एखादा भाग एका वारसाच्या वाट्याला आला असल्यास तो भाग भाड्याने देण्यासाठी इतरांच्या संमतीची गरज उरत नाही.

ताबा परत घेताना

भाडेकरूकडून ताबा परत मागण्यासाठी मात्र सर्व सहमालकांनी एकत्र येणे अनिवार्य नाही. श्रीराम पसरीचा विरुद्ध जगन्नाथ (१९७६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहमालक हा संपूर्ण मालमत्तेचा इतरांसह मालक असल्याने तो एकटाही निष्कासनाचा दावा करू शकतो, असे मानले. इंडिया अंब्रेला मॅन्युफॅक्चरिंग कंपनी विरुद्ध भगाबंदेई अगरवाला (२००४) या निकालात अशा दाव्याला इतर सहमालकांची संमती गृहीत धरली जाते, मात्र त्यांचा विरोध दाखवून दिल्यास हे गृहीतक टिकत नाही, असे स्पष्ट झाले.

या दोन नियमांत विसंगती नाही. ताबा परत घेतल्याने मालमत्ता सर्व सहमालकांच्या हाती येते, म्हणून एकाचे कृत्य सर्वांच्या हिताचे मानले जाते. ताबा दुसऱ्याला दिल्याने मात्र प्रत्येक सहमालकाच्या वापराच्या हक्कावर बंधन येते आणि ते स्वीकारण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच असतो.