वीस हजार प्रवास, पाचशे चाळीस शोध

प्रवासवेळेच्या तक्त्याची कुळकथा बहुतेक जण डाइक्स्ट्रापासून सुरू करतात. १९५९ साली त्याने छापलेली सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत हा मूळपुरुष खराच. पण आजच्या तक्त्याचं जन्मवर्ष २००७ धरावं असं माझं मत आहे. त्या वर्षी कार्लस्रुहेच्या पीटर सँडर्स आणि सहकाऱ्यांनी युरोपच्या रस्त्यांवर दहा हजार गुणिले दहा हजारांचा तक्ता सुमारे मिनिटभरात काढून दाखवला. एकेक वाट झटपट शोधायची आणि तेच कोट्यवधी वेळा करायचं, असं त्यांनी केलं नाही. समजा पाचशे गावं आणि चाळीस रुग्णालयं आहेत. जोड्या वीस हजार. आधी प्रत्येक रुग्णालयापासून उलटा शोध घ्यायचा आणि वाटेतल्या प्रत्येक चौकात नोंद ठेवायची: ‘इथून अमुक रुग्णालय इतक्या सेकंदांवर’. मग प्रत्येक गावातून निघायचं, चौकातल्या नोंदी वाचायच्या, बेरीज करायची, सर्वांत लहान ठेवायची. वीस हजारांऐवजी पाचशे चाळीस शोध.

यावर जाणकार म्हणेल, डाइक्स्ट्राचे चाळीस उलटे शोधही पुरतील की! पुरतील, पण त्यातला प्रत्येक शोध राज्यभरच्या लाखो चौकांवर पसरतो. २००८ साली कार्लस्रुहेतच आलेल्या ‘कॉन्ट्रॅक्शन हायरार्की’त चौकांना महत्त्वानुसार क्रम देऊन बिनमहत्त्वाच्यांना वगळणारे आडमार्ग आधीच जोडून ठेवतात. शोध फक्त वरच्या क्रमाकडे चढतो आणि साधारण काहीशे चौकांत आटोपतो. पाचशे चाळीस छोटे शोध चाळीस अजस्र शोधांपेक्षा स्वस्त पडतात. याच घराण्यातून डेनिस लुक्सेन आणि क्रिस्टियान फेटर यांचं खुलं इंजिन ओएसआरएम निघालं, ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: या वेळांत रहदारी नसते. वेग येतात ते `car.lua` या फाइलमधून आणि नकाशावरच्या नोंदींमधून, म्हणून सकाळी नऊची कोंडी तक्त्याला ठाऊक नसते. शिवाय आडमार्गांत वेग मुरलेले असतात. ते बदलले की `osrm-contract` पुन्हा चालवावं लागतं. यावर उतारा म्हणून इंजिनात दुसरी पद्धत आली. तिच्यात नकाशाचे भाग एकदाच पाडतात आणि नव्या वेगांसाठी फक्त `osrm-customize` चालवतात. वेग कुठून आणायचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

प्रत्यक्षात तक्ता बिघडतो तो बहुधा याहून साध्या कारणाने. ओएसआरएमकडे तक्ता असा मागतात:

```
/table/v1/driving/73.85,18.52;73.92,18.50;73.81,18.51?sources=0;1&destinations=2
```

इथे रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलट लिहिलं तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. नकाशा फक्त भारताचा असेल तर इंजिन तक्रार करत नाही. सगळे बिंदू सर्वांत जवळच्या, बहुधा एकाच रस्त्याला चिकटवतं आणि तक्ता जवळजवळ शून्यांनी भरतो. उत्तरात `sources` आणि `destinations` खाली प्रत्येक बिंदूचं `distance` असतं: दिलेल्या जागेपासून रस्ता किती मीटरवर सापडला. तो आकडा काही हजारांवर गेला, की `durations` वाचायच्या आधी बिंदू तपासावेत.