स्थायी सूचना आणि ऑटोपे मँडेट

खातेदाराने एकदाच दिलेल्या संमतीच्या आधारे त्याच्या खात्यातून ठरावीक काळाने रक्कम वळती करण्याच्या व्यवस्थेला स्थायी सूचना किंवा ऑटोपे असे म्हणतात. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, वीजबिल इत्यादींसाठी तिचा वापर होतो.

मूळ अर्थाने स्थायी सूचना खातेदार आपल्या बँकेला देतो आणि बँक पैसे पाठवते. मँडेटमध्ये हा क्रम उलटा असतो. येथे पैसे मागण्याचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. ठरलेल्या तारखेला वित्तसंस्था आपल्या बँकेमार्फत भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या 'नॅच' यंत्रणेत मागणी नोंदवते. खातेदाराची बँक मँडेटचा क्रमांक, मुदत, कमाल रक्कम व शिल्लक पाहते आणि रक्कम वजा करते. खातेदाराला त्या वेळी काहीही विचारले जात नाही, त्यामुळे मँडेटवर लिहिलेली कमाल रक्कम हाच त्याच्या हातातील मुख्य अंकुश ठरतो.

== वेतनाची तारीख व हप्ता ==

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात मोठ्या वाहन कारखान्यांभोवती सुटे भाग बनवणारे असंख्य लघुउद्योग आहेत. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नुसार एक हजारांहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना मासिक वेतन देण्यासाठी पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मुदत होती. कर्जाचा हप्ता मात्र ५ तारखेचा असू शकतो.

समजा, चाकणमधील एका कामगाराचा दुचाकीचा हप्ता ३,२५० रुपये आहे आणि ५ तारखेला खात्यात २,९०० रुपये आहेत. असलेली रक्कम घेऊन उरलेली नंतर घेतली जात नाही; संपूर्ण मागणी परत जाते. बँकेने परतीचे ५०० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी आकारल्यास ५९० रुपये होतात. कर्जदात्याचा दंड वेगळा. वेतन दोनच दिवसांनी जमा झाले, तरी हा भुर्दंड टळत नाही. शिवाय अपुऱ्या शिलकीमुळे मागणी परत जाणे हा देयक व समायोजन प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ खाली, धनादेश न वटण्याप्रमाणेच, गुन्हा ठरू शकतो. हप्त्याची तारीख १० करून घेणे हा साधा उपाय कर्ज घेतानाच करणे सोपे असते.

== कार्ड व यूपीआय ==

कार्ड, यूपीआय व प्रीपेड वॉलेटवरील मँडेटसाठी रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची काटेकोर अंमलबजावणी झाली. नोंदणीच्या वेळी ओटीपी किंवा पिन आवश्यक असतो आणि रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना मिळते. त्या मुदतीत व्यवहार थांबवता येतो. जून २०२२ मध्ये ओटीपीविना होणाऱ्या व्यवहाराची मर्यादा ५,००० वरून १५,००० रुपये झाली.

महावितरणच्या वीजबिलाची रक्कम दरमहा बदलते. ग्राहकाने १,५०० रुपयांची कमाल मर्यादा ठेवली आणि मे महिन्याचे बिल १,७२० रुपये आले, तर ते आपोआप भरले जात नाही; थकबाकी मात्र राहते.

मँडेट रद्द केल्याने केवळ वसुलीचा मार्ग बंद होतो, कर्ज किंवा वर्गणीचा करार संपत नाही. तो वेगळा संपवावा लागतो.