व्याधाच्या जोडीदाराची कुळकथा

१८४४ मध्ये फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने जाहीर केले की व्याध आकाशात सरळ सरकत नाही, हेलकावे खातो, म्हणजे कुणीतरी न दिसणारा तारा त्याला ओढतो आहे. १८६२ मध्ये अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क नवे भिंग तपासत असताना तो जोडीदार दिसलाही. १९१५ मध्ये त्याचा वर्णपट हाती आला, तेव्हा पंचाईत झाली. तारा तापलेला आणि तरीही मिणमिणता, म्हणजे आकाराने पृथ्वीएवढाच. वजन मात्र सूर्याइतके! त्याच्या एका घनसेंटिमीटरचे वजन दोन टनांच्या वर भरते. हाच श्वेतबटू.

दोघे एकाच वायुमेघातून, एकाच वेळी जन्मले. असा मेघ आजही मृगाच्या तलवारीत धूसर दिसतो. थंड मेघ स्वतःच्या वजनाने आकसतो, गाभा तापतो, हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि तारा पेटतो. मग हा जोडीदार आधी का संपला? कारण तो थोरला होता. जन्मतः वजनाने सूर्याच्या सुमारे पाचपट. थोरल्याकडे इंधन जास्त, पण तो उधळ्या. गाभ्याची उष्णता इतकी की इंधन वेगाने खपते. व्याध सूर्याच्या दुप्पट, म्हणून अजून तेजस्वी आहे. थोरला फुगून तांबडा राक्षसी तारा झाला, वरची आवरणे अवकाशात उडवून बसला आणि उघडा गाभा उरला.

| जन्मवेळचे वस्तुमान (सूर्य = १) | हायड्रोजनवर आयुष्य (अंदाजे) | अखेरची अवस्था | उरते काय |
|---|---|---|---|
| १ | १,००० कोटी वर्षे | तांबडा राक्षसी | श्वेतबटू |
| ५ | १० कोटी वर्षे | तांबडा राक्षसी | श्वेतबटू |
| १५ | १ कोटीच्या वर | महाराक्षसी, मग स्फोट | न्यूट्रॉन तारा |
| २५ हून जास्त | त्याहून कमी | स्फोट किंवा थेट कोसळणे | बहुधा कृष्णविवर |

शेवटच्या दोन ओळींच्या सीमा पुसट आहेत. तारा वाटेत किती वस्तुमान गमावतो यावर बरेच ठरते.

श्वेतबटूला तोलून धरतो तो एकमेकांत दाटलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब. १९३० मध्ये बोटीने इंग्लंडला जाताना एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणित मांडले की या दाबालाही मर्यादा आहे. आज ती सुमारे १.४ सूर्य मानतात. मोठ्या ताऱ्याच्या लोखंडी गाभ्याने ती ओलांडली की तो क्षणार्धात कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभेत असाच स्फोट नोंदवला. तिथला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो.

व्याधाचा जोडीदार या मर्यादेच्या आतच आहे, त्यामुळे त्याचा स्फोट होणार नाही. तो फक्त निवत जाईल. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण पन्नास वर्षांच्या फेरीत या दशकात तो व्याधापासून चांगला दूर आहे. जवळपास आठ इंची दुर्बीण असेल, तर हिवाळ्यातल्या स्थिर हवेच्या रात्री शोधून पाहा.