सोडियम व्हॅल्प्रोएट : अर्धशिशी व गर्भधारणा

अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठीही दिले जाणारे अपस्माराचे औषध. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे अनेकदा गर्भ राहिल्याचे लक्षात येण्याआधीच मिटते. व्हॅल्प्रोएटमुळे ती उघडी राहून दुभंगलेला कणा उद्भवू शकतो. हे औषध घेतलेल्या मातांच्या 100 पैकी सुमारे 10 बाळांत मोठे जन्मदोष आढळतात. 100 पैकी 30 ते 40 मुलांचा बौद्धिक वा भाषिक विकास मागे पडतो. फॉलिक आम्लाने हा धोका टळत नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने 2013 मध्ये अर्धशिशीसाठी ते गरोदरपणात निषिद्ध ठरवले. मूल होण्याची शक्यता असल्यास डॉक्टरांशी बोलून आधीच प्रोप्रॅनोलॉलसारखा पर्याय निवडावा; टोपिरामेट हा मात्र सुरक्षित पर्याय नव्हे. बदल पूर्ण होईपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधन चालू ठेवावे. अपस्मारही असल्यास गोळी परस्पर बंद करू नये.